सहमतीची मोजपट्टी मध्यरेषेवर मांडताना: डायव्हर्जिंग स्टॅक्ड बार चार्टविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मुंबईतल्या गृहनिर्माण संस्थांमध्ये पुनर्विकासाचा विषय निघाला की सभासदांची मते जाणून घेण्यासाठी प्रश्नावली फिरते, उत्तरे जमा होतात आणि ती सर्वसाधारण सभेपुढे कशी मांडावीत हा प्रश्न समितीपुढे उभा राहतो. अशा उत्तरांसाठी, म्हणजे 'पूर्ण असहमत'पासून 'पूर्ण सहमत'पर्यंतच्या पाच पर्यायांसाठी, तटस्थ उत्तरे मध्यभागी ठेवणारा डायव्हर्जिंग स्टॅक्ड बार चार्ट कसा काढावा, कसा वाचावा आणि तो कुठे फसवू शकतो, याविषयीचे प्रश्न येथे घेतले आहेत. उदाहरणातली मुलुंडमधली संस्था आणि तिचे आकडे समजावून सांगण्यासाठी रचलेले आहेत. हिशोबाची रीत मात्र कोणत्याही सर्वेक्षणाला लागू पडते.

## हा आलेख साध्या स्टॅक्ड बार चार्टपेक्षा वेगळा कसा?

दोन्ही आलेखांत प्रत्येक विधानासाठी एक आडवी पट्टी असते, तिची एकूण लांबी शंभर टक्के असते आणि तिचे पर्यायांनुसार रंगीत तुकडे पडलेले असतात. साध्या आलेखात सगळ्या पट्ट्या एकाच जागी सुरू होऊन एकाच जागी संपतात, त्यामुळे आलेखाचा बाहेरचा आकार म्हणजे एक चौकट होते आणि त्या आकारातून काहीच कळत नाही. जे कळायचे ते आतल्या तुकड्यांकडे निरखून पाहिल्यावरच कळते. डायव्हर्जिंग आलेखात प्रत्येक पट्टी डावीकडे किंवा उजवीकडे अशी सरकवलेली असते, की तिच्या तटस्थ तुकड्याचा बरोबर मध्य एका सामाईक उभ्या रेषेवर येतो. असहमती त्या रेषेच्या डावीकडे पसरते आणि सहमती उजवीकडे. कोणते विधान सभासदांना पटले आणि कोणते पटले नाही, हे पट्टी कुठे आहे एवढ्यावरूनच समजू लागते.

मतांची अशी मोजपट्टी रेन्सिस लिकर्ट यांनी १९३२ मध्ये मांडली आणि ती त्यांच्याच नावाने ओळखली जाते. तिच्या उत्तरांसाठी या आलेखाचा सविस्तर पुरस्कार नाओमी रॉबिन्स आणि रिचर्ड हायबर्गर यांनी २०११ मध्ये आणि पुन्हा २०१४ मध्ये केला.

## पट्टी नेमकी कुठून सुरू करायची?

समजा, संस्थेत २०० सदनिका आहेत आणि १६० सभासदांनी प्रश्नावली भरून दिली. चार विधानांना मिळालेली उत्तरे टक्क्यांत अशी आहेत:

| विधान | पूर्ण असहमत | असहमत | तटस्थ | सहमत | पूर्ण सहमत |
|---|---|---|---|---|---|
| इमारतीचा पुनर्विकास व्हावा | ५ | १० | १० | ४० | ३५ |
| समितीचे काम विश्वासार्ह आहे | १० | १५ | ४० | २५ | १० |
| निविदांची माहिती पुरेशी मिळाली | १५ | २५ | ३० | २० | १० |
| देऊ केलेले भाडे पुरेसे आहे | ३० | ३० | १० | २० | १० |

पट्टीची डावी कड काढण्यासाठी असहमतीचे दोन्ही आकडे आणि तटस्थ आकड्याचा अर्धा भाग यांची बेरीज करावी आणि तेवढे अंतर मध्यरेषेच्या डावीकडे जावे. पुनर्विकासाच्या विधानासाठी ५ अधिक १० अधिक ५ म्हणजे २०, म्हणून ती पट्टी उणे २० वर सुरू होते आणि शंभरची लांबी पूर्ण करून अधिक ८० वर संपते. समितीच्या कामाची पट्टी उणे ४५ पासून ५५ पर्यंत जाते, निविदांच्या माहितीची उणे ५५ पासून ४५ पर्यंत, तर भाड्याची उणे ६५ पासून ३५ पर्यंत. पट्ट्या याच क्रमाने वरून खाली रचल्या, तर त्या जिन्यासारख्या उजवीकडून डावीकडे उतरत येतात. पुनर्विकास हवा आहे, पण भाड्याच्या प्रस्तावावर नाराजी आहे, हे सभेत शेवटच्या रांगेत बसलेल्या सभासदालाही आकडे न वाचता कळते.

हिशोब बरोबर झाला की नाही हे तपासणे सोपे आहे. डाव्या आणि उजव्या टोकांची मध्यरेषेपासूनची अंतरे मिळवली, तर प्रत्येक ओळीत बेरीज शंभरच यायला हवी. ती येत नसेल, तर बहुतेक वेळा तटस्थ आकड्याचा अर्धा भाग एका बाजूला घ्यायचा राहून गेलेला असतो.

## पट्टीच्या उजव्या टोकावरून 'इतके टक्के सहमत' असे वाचता येते का?

येत नाही. या आलेखाविषयी सर्वाधिक जपून सांगायची गोष्ट हीच आहे.

वरच्या तक्त्यातील शेवटची दोन विधाने पाहावीत. निविदांच्या माहितीबाबत सहमत २० आणि पूर्ण सहमत १०, म्हणजे एकूण सहमती ३० टक्के. भाड्याबाबतही सहमत २० आणि पूर्ण सहमत १०, म्हणजे तीच ३० टक्के. तरीही आलेखात पहिल्या पट्टीचे उजवे टोक ४५ वर आहे आणि दुसरीचे ३५ वर. सहमती अगदी सारखी असूनही एक पट्टी दुसरीपेक्षा दहा अंशांनी पुढे गेलेली दिसते, कारण निविदांच्या विधानावर ३० टक्के तटस्थ आहेत आणि त्यातील अर्धे, म्हणजे १५, मध्यरेषेच्या उजव्या बाजूला मोजले गेले आहेत. भाड्याच्या विधानात हा अर्धा भाग फक्त ५ आहे. ज्याला ही रचना माहीत नाही तो वाचक साहजिकच म्हणेल की निविदांच्या माहितीवर समाधानी लोक भाड्यावर समाधानी असलेल्यांपेक्षा जास्त आहेत. ते खरे नाही.

मग टोक काय सांगते? ते दोन बाजूंमधला तोल सांगते. पट्टीच्या उजव्या टोकाच्या अंतरातून डाव्या टोकाचे अंतर वजा केले की तटस्थांचे दोन अर्धे एकमेकांना रद्द करतात आणि सहमतीतून असहमती वजा केल्यावर येणारा आकडा उरतो. पुनर्विकासासाठी तो ८० वजा २०, म्हणजे अधिक ६० आहे, आणि ७५ वजा १५ केले तरी तोच येतो. निविदांच्या माहितीसाठी तो उणे १० आहे, भाड्यासाठी उणे ३०. म्हणजे 'पारडे कोणत्या बाजूला आणि किती झुकले' या प्रश्नाचे उत्तर हा आलेख अचूक देतो. 'किती जण सहमत' या प्रश्नाचे उत्तर मात्र वाचकाला उजव्या बाजूच्या दोन रंगीत तुकड्यांची लांबी डोळ्यांनी मोजून मिळवावे लागते, आणि ते तुकडे प्रत्येक ओळीत वेगळ्या जागी सुरू होतात. विल्यम क्लीव्हलँड आणि रॉबर्ट मॅकगिल यांनी १९८४ मध्ये दाखवून दिले, की माणसे एकाच रेषेवरून मोजलेली स्थाने जितकी अचूक ताडतात तितकी मोकळ्या जागी ठेवलेल्या लांब्या ताडू शकत नाहीत. तटस्थ मध्यभागी ठेवल्याची ही किंमत आहे आणि ती मोजूनच हा आलेख निवडावा.

यावर माझा उपाय असा, की प्रत्येक ओळीच्या डाव्या कडेबाहेर एकूण असहमतीचा आणि उजव्या कडेबाहेर एकूण सहमतीचा आकडा ठळक छापावा, म्हणजे निविदांच्या ओळीत डावीकडे ४० आणि उजवीकडे ३०. या एका गोष्टीने वरचा गैरसमज जवळजवळ संपतो. खालच्या अक्षावरचे उणे ६०, उणे ४०, अधिक २० असे आकडे मी काढून टाकतो, कारण तेच वाचकाला टोक वाचायला प्रवृत्त करतात.

आणखी एक मर्यादा याच मुळातून येते. एखाद्या विधानावर सगळेच्या सगळे तटस्थ असले, तर पट्टी उणे ५० पासून ५० पर्यंत जाईल. दुसऱ्या एखाद्या विधानावर, समजा पार्किंगच्या वाटपावर, ४५ टक्के पूर्ण असहमत, ५ असहमत, ५ सहमत आणि ४५ पूर्ण सहमत असले, तरीही पट्टी तितकीच आणि तिथेच असेल. पहिल्या ठिकाणी कोणाचेच मत नाही आणि दुसऱ्या ठिकाणी सोसायटी दोन तटांत विभागली आहे, पण बाहेरचा आकार एकच. हा फरक फक्त आतल्या रंगांतून कळतो. म्हणून टोकाच्या दोन पर्यायांचे रंग बाकीच्यांपेक्षा स्पष्टपणे गडद असावे लागतात.

## मग तटस्थ उत्तरे मध्यभागी ठेवण्याऐवजी बाजूला का काढू नयेत?

तसेही करतात. त्यात असहमतीचे दोन तुकडे थेट मध्यरेषेला चिकटवून डावीकडे आणि सहमतीचे दोन उजवीकडे काढतात, तर तटस्थ उत्तरे उजवीकडे वेगळ्या स्तंभात, स्वतःच्या शून्यापासून, करड्या रंगात दाखवतात. मग निविदांची आणि भाड्याची सहमती दोन्ही ३० वरच संपताना दिसते आणि तुलना अचूक होते.

त्यात हरवते ते पट्टीचे अखंडपण. तटस्थ हा असहमती आणि सहमती यांच्या मधला टप्पा आहे, आणि तो दूर नेला की मोजपट्टीचा क्रम वाचकाच्या डोळ्यांपुढून निसटतो. शिवाय समितीच्या कामासारख्या विधानात, जिथे ४० टक्के सभासद तटस्थ आहेत, तिथे हा मोठा मधला गट हाच खरा निष्कर्ष असतो. त्या सभासदांचे मत अजून बनलेले नाही, आणि पुढच्या दोन महिन्यांत समिती कशी वागते यावर ते ठरेल. मध्यभागी पसरलेली करडी जागा ते ठसठशीतपणे दाखवते, कडेचा स्तंभ तितके दाखवत नाही.

ठरवण्यासाठी मी तटस्थांच्या टक्केवारीत विधानाविधानांत किती फरक आहे ते आधी पाहतो. सगळीकडे तटस्थ साधारण सारखेच, म्हणजे १० ते १५ टक्क्यांच्या आसपास असतील, तर ते मध्यभागी ठेवल्याने टोकांमध्ये होणारी चूक दोन-तीन अंशांपलीकडे जात नाही आणि मध्यभागी ठेवणेच चांगले. आमच्या उदाहरणासारखा १० ते ४० इतका फरक असेल, तर कडेचे आकडे छापल्याशिवाय मध्यभागी ठेवू नये. आणि सभेपुढचा प्रश्न 'किती टक्के लोक सहमत आहेत' एवढाच असेल, तर तटस्थ बाजूला काढावेत.

## 'माहीत नाही' किंवा 'लागू नाही' अशी उत्तरे तटस्थांत धरावीत का?

धरू नयेत. तटस्थ सभासदाने विधान वाचले, विचार केला आणि आपण दोन्ही बाजूंच्या मधे आहोत असे सांगितले. ज्याला निविदा कधी उघडल्या हेच माहीत नाही, त्याने मोजपट्टीवर जागाच घेतलेली नाही. त्याला मध्यभागी बसवणे म्हणजे त्याच्या तोंडी नसलेले मत घालणे होय.

याचा परिणाम किती होतो ते निविदांच्या विधानावर पाहू. समजा, प्रश्नावलीत 'माहीत नाही' हा पर्यायच नव्हता, म्हणून ३२ जणांनी नाइलाजाने 'तटस्थ'वर खूण केली, आणि नंतर विचारल्यावर ते उघड झाले. मुळात १६० पैकी पूर्ण असहमत २४, असहमत ४०, तटस्थ ४८, सहमत ३२ आणि पूर्ण सहमत १६ होते. ३२ जण वगळल्यावर एकूण १२८ उरतात, त्यांत खरे तटस्थ १६. आता असहमती १२८ पैकी ६४, म्हणजे बरोबर ५० टक्के होते, सहमती ३७.५ टक्के आणि तटस्थ १२.५ टक्के. पट्टीचे उजवे टोक ४५ वरून ४३.७५ वर, म्हणजे जेमतेम सव्वा अंश सरकले, पण आतले चित्र पूर्ण बदलले: ज्यांना माहिती आहे त्यांतील निम्मे लोक नाराज आहेत. पट्टीचे स्थान फारसे हलले नाही म्हणून ही चूक आलेखाकडे पाहून कधीच पकडता येत नाही. ती प्रश्नावली छापण्यापूर्वीच टाळावी लागते.

वगळलेल्या ३२ जणांचा आकडा लपवूही नये. तो ओळीच्या शेवटी, पट्टीपासून अंतर ठेवून, 'माहीत नाही: ३२' असा लिहावा. ज्या ४० सभासदांनी प्रश्नावली परतच केली नाही, त्यांचा उल्लेख शीर्षकाखाली '२०० पैकी १६० उत्तरे' असा करावा. पुनर्विकासाच्या बाबतीत हे विशेष जपावे लागते, कारण महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियमाच्या कलम ७९(अ) अंतर्गतची विशेष सर्वसाधारण सभा आणि तिथली संमती हा स्वतंत्र विषय आहे. ७५ टक्के सहमतीची पट्टी पाहून ती सर्व सभासदांची संमती आहे असा समज पसरू देऊ नये. इथले ७५ टक्के म्हणजे १२० सभासद, आणि २०० पैकी ते ६० टक्के होतात.

## टक्क्यांची बेरीज १०१ आली तर काय करावे?

वरच्याच उदाहरणात १२८ जणांचे टक्के १८.७५, ३१.२५, १२.५, २५ आणि १२.५ असे येतात. ते पूर्णांकांत घेतले की १९, ३१, १३, २५ आणि १३ होतात आणि बेरीज १०१ भरते. पट्ट्या काढताना नेहमी मूळ, पूर्णांकांत न आणलेले आकडे वापरावेत, नाहीतर काही पट्ट्या किंचित लांब आणि काही किंचित आखूड होतात. पूर्णांक फक्त छापायच्या आकड्यांसाठी ठेवावेत आणि तळाशी 'पूर्णांकांमुळे बेरीज शंभर भरेलच असे नाही' एवढे एक वाक्य द्यावे. एकूण असहमतीचा आकडासुद्धा मूळ आकड्यांच्या बेरजेवरून काढून मग पूर्णांकांत आणावा.

## एक्सेलमध्ये असा आलेख तयार मिळत नाही. मग तो कसा काढावा?

एक अदृश्य स्तंभ घालून काढता येतो. तक्त्यात पाच पर्यायांच्या आधी 'रिकामी जागा' असा एक स्तंभ घ्यावा आणि त्यात १०० वजा डाव्या कडेचे अंतर हा आकडा लिहावा. आमच्या चार विधानांसाठी तो अनुक्रमे ८०, ५५, ४५ आणि ३५ येतो. मग सहाही स्तंभ निवडून `Stacked Bar` हा प्रकार घ्यावा, विधानांऐवजी पर्यायांच्या पट्ट्या पडल्या तर `Switch Row/Column` दाबावे, पहिल्या स्तंभाला `No Fill` द्यावे आणि रंगसूचीतून त्याचे नाव पुसून टाकावे. आता प्रत्येक ओळीतल्या तटस्थ तुकड्याचा मध्य बरोबर १०० वर येतो. आडव्या अक्षाची किमान मर्यादा २०, कमाल १८० आणि मोठे अंतर ८० ठेवले, की एक जाळीरेषा नेमकी १०० वर पडते आणि तीच मध्यरेषा होते. ती पट्ट्यांच्या मागे जात असली तरी मधल्या फटींतून पुरेशी दिसते. अक्षावरचे आकडे पुसून टाकावेत, कारण ते आता निरर्थक आहेत.

इथे दोन चुका वारंवार होतात. पहिली म्हणजे `100% Stacked Bar` निवडणे. त्यात एक्सेल रिकामी जागाही टक्क्यांत धरतो, प्रत्येक ओळ वेगळ्या प्रमाणात आकसते आणि कोणताच मध्य रेषेवर येत नाही. ओळखण्याची खूण अशी, की सर्व पट्ट्या उजवीकडे एकाच जागी संपलेल्या दिसतात. दुसरी चूक म्हणजे पहिली ओळ सर्वांत खाली येते हे लक्षात न घेणे. उभ्या अक्षाच्या मांडणीत `Categories in reverse order` ही खूण केली की तक्त्याचा आणि आलेखाचा क्रम जुळतो.

काही जण असहमतीचे आकडे उणे करून आणि तटस्थाचे दोन अर्धे करून हाच आलेख काढतात. तोही मार्ग चालतो, पण त्यात उणे बाजूचे तुकडे शून्यापासून बाहेरच्या दिशेने रचले जातात, म्हणून आधी अर्धा तटस्थ, मग असहमत आणि शेवटी पूर्ण असहमत असा क्रम द्यावा लागतो. रंगसूचीत तटस्थ दोनदा येतो, आणि आकडे दाखवले तर निविदांच्या ओळीत तटस्थ '३०' ऐवजी दोन ठिकाणी '१५' असे उमटते. उणे चिन्ह लपवण्यासाठी आकड्यांचा नमुना `0;0` असा द्यावा लागतो. मला अदृश्य स्तंभाची रीत यापेक्षा अधिक निर्धोक वाटते.

## पायथनमध्ये काढताना काय लक्षात ठेवावे?

हिशोब एका ओळीचा आहे, कारण `barh` ला प्रत्येक तुकडा कुठून सुरू करायचा ते थेट सांगता येते.

```python
import numpy as np
import matplotlib.pyplot as plt

d = np.array([[5, 10, 10, 40, 35], [10, 15, 40, 25, 10],
              [15, 25, 30, 20, 10], [30, 30, 10, 20, 10]])
c = ['#e66101', '#fdb863', '#d9d9d9', '#b2abd2', '#5e3c99']
left = -(d[:, 0] + d[:, 1] + d[:, 2] / 2)
for k in range(5):
    plt.barh(range(4), d[:, k], left=left, color=c[k])
    left = left + d[:, k]
plt.axvline(0, color='black', linewidth=0.8)
plt.gca().invert_yaxis()
plt.xticks([])
plt.rcParams['svg.fonttype'] = 'none'
plt.savefig('mat.svg')
```

मराठी विधाने ओळींच्या नावांत घातल्यावर खरी अडचण येते. मॅटप्लॉटलिबच्या मूळ फॉन्टमध्ये देवनागरी अक्षरे नाहीत, म्हणून चौकोन उमटतात. `Noto Sans Devanagari` किंवा `Nirmala UI` निवडल्यावर चौकोन जातात, पण अनेक आवृत्त्यांत जोडाक्षरे सुटी पडतात आणि ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या चुकीच्या बाजूला बसते, म्हणजे 'निविदा' हा शब्दच वाचता येत नाही. वरच्या कोडमधली शेवटून दुसरी ओळ त्यासाठीच आहे. तिच्यामुळे अक्षरे चित्र न होता मजकूर म्हणूनच फाइलमध्ये राहतात आणि ब्राउझर ती नीट जुळवून दाखवतो. आर वापरणाऱ्यांसाठी `HH` या पॅकेजमधले `likert()` हे फंक्शन याच आलेखासाठी केलेले आहे, आणि `ragg` मधून चित्र काढले तर देवनागरी व्यवस्थित उमटते.

## रंग कोणते घ्यावेत? आलेखाची झेरॉक्स नोटीस बोर्डावर लावायची असेल तर?

दोन बाजूंना दोन वेगळे रंग, टोकाला गडद आणि आत फिका, आणि मध्यभागी रंगहीन करडा, एवढा नियम पाळावा. लाल आणि हिरवा ही जोडी टाळावी, कारण रंगांधळेपणाच्या सर्वांत सामान्य प्रकारांत नेमके हेच दोन रंग एकमेकांत मिसळतात. वरच्या कोडमधले नारिंगी आणि जांभळे रंग सिंथिया ब्रूअर यांच्या कलरब्रूअर संचातल्या `PuOr` या मालिकेतले आहेत, फक्त मधला रंग पांढऱ्या कागदावर दिसावा म्हणून मी थोडा गडद करडा घेतला आहे. तटस्थासाठी पिवळा घेण्याची पद्धत आढळते. पिवळा लक्ष वेधतो आणि तटस्थ हेच महत्त्वाचे मत असल्यासारखे दिसते, म्हणून तो घेऊ नये.

काळ्या-पांढऱ्या झेरॉक्समध्ये दोन्ही टोके करड्या छटांतच उमटतात आणि कोणती बाजू कोणती हे रंगावरून कळत नाही. यात आलेखाची रचना कामी येते: मध्यरेषेच्या डावीकडे असहमती आणि उजवीकडे सहमती हे स्थानावरूनच कळते, फक्त ते शब्द आलेखाच्या वर, आपापल्या बाजूला, लिहिलेले हवेत. खाली वेगळी रंगसूची देण्यापेक्षा सर्वांत वरच्या पट्टीच्या तुकड्यांवरच पर्यायांची नावे लिहिणे जास्त उपयोगाचे ठरते. वरच्या पट्टीतले ५ आणि १० टक्क्यांचे तुकडे नावांसाठी अरुंद असले, तर ती नावे तुकड्यांच्या वर लहान रेषांनी जोडावीत.

## 'समिती माहिती लपवते' अशा उलट्या विधानाचे काय करावे?

अशा विधानाशी सहमती म्हणजे नाराजी, म्हणून त्याची पट्टी उजवीकडे झुकली तर बाकीच्या ओळींच्या नेमका उलटा अर्थ निघतो. काही जण उत्तरे उलटी करून ती बाकीच्यांत मिसळतात. विधानाचा मजकूर तसाच ठेवून उत्तरे उलटी केलेला आलेख मात्र खोटा होतो, कारण ज्याने 'पूर्ण सहमत'वर खूण केली त्याला आपले उत्तर डावीकडे दिसते. मी अशी विधाने तळाशी थोडे अंतर सोडून वेगळ्या गटात ठेवतो, त्या गटावर 'येथे सहमती म्हणजे तक्रार' असे लिहितो आणि उत्तरांना हात लावत नाही.

ओळींचा क्रमही याच विचाराने ठरवावा. प्रश्नावलीतला क्रम तसाच ठेवण्यात फारसे हशील नसते. प्रत्येक गटात ज्या विधानाचे पारडे सहमतीकडे सर्वाधिक झुकले ते वर घेऊन खाली उतरत यावे.

## पर्याय चारच असतील, म्हणजे तटस्थ नसेल तर?

मध्यरेषा 'असहमत' आणि 'सहमत' यांच्या सांध्यावर येते आणि दोन्ही बाजू थेट शून्यापासून सुरू होतात, म्हणून टोकावरून सहमतीचा आकडा सरळ वाचता येतो. मात्र चार पर्यायांची आणि पाच पर्यायांची विधाने एकाच आलेखात शेजारी ठेवू नयेत.

## ए विंग आणि बी विंग यांची तुलना एकाच आलेखात करता येईल का?

येईल. प्रत्येक विधानाखाली दोन पट्ट्या जवळजवळ काढाव्यात आणि दोन विधानांमध्ये जास्त जागा सोडावी. पट्ट्यांची जाडी दोन्ही विंगसाठी सारखी ठेवली तर उत्तरांची संख्या दिसेनाशी होते, म्हणून प्रत्येक पट्टीच्या नावाशेजारी ती लिहावी, जसे 'ए विंग, ९६ उत्तरे' आणि 'बी विंग, ६४ उत्तरे'. चार विधानांच्या आठ पट्ट्या सहज वाचता येतात, बारा-पंधरा विधाने असतील तर विंगनिहाय दोन वेगळे आलेख बाजूबाजूला ठेवणे बरे.

अगदी लहान गट मात्र या आलेखात घालू नयेत. तळमजल्यावरचे आठ दुकानदार हा वेगळा गट केला, तर एका दुकानदाराचे उत्तर साडेबारा टक्क्यांचे होते. त्याने 'तटस्थ'ऐवजी 'सहमत'वर खूण केली की त्या गटाची पट्टी सव्वासहा अंशांनी सरकते, आणि तो सरकलेला भाग ९६ जणांच्या पट्टीइतकाच ठोस दिसतो. शिवाय कोणी काय उत्तर दिले हे आठ जणांच्या गटात शेजाऱ्यांना सहज ओळखता येते. अशा गटाची उत्तरे पट्टीऐवजी 'आठपैकी पाच सहमत, दोन तटस्थ, एक असहमत' अशी एका वाक्यात द्यावीत, आणि तीही त्या दुकानदारांची परवानगी घेऊन.